आधी विधान, मग पर्याय

पॉलिटीचा प्रश्न समोर आला की तुमची नजर आधी कुठे जाते? खरं सांगा. बहुतेकांची थेट खाली, ए-बी-सी-डीवर जाते. ‘विधान तीन चूक आहे ना, मग हे दोन पर्याय कटाप’ ही युक्ती आपल्याला पहिल्याच महिन्यात कुणीतरी शिकवलेली असते. यूपीएससीच्या पूर्वपरीक्षेत ती बरीच वर्षं चाललीही. पण 2023 च्या पेपरात ‘वरीलपैकी किती विधाने बरोबर आहेत’ असे प्रश्न ढिगाने आले. केवळ एक, केवळ दोन, तिन्ही, एकही नाही. असे पर्याय असले की एक विधान माहीत असून भागत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की प्रश्नाचा खालचा भाग हाताने झाका. प्रत्येक विधान हा स्वतंत्र प्रश्न समजा, त्याच्यापुढे बरोबर, चूक किंवा प्रश्नचिन्ह अशी खूण करा आणि मगच हात काढा.

पक्षांतरबंदी कायद्याचं उदाहरण घेऊ. 2022 च्या पूर्वपरीक्षेत त्यावर दोन विधानांचा प्रश्न होता. त्या दोन्हींचा आशय घेतो आणि तिसरं विधान माझ्या पदरचं जोडतो. एक : नामनिर्देशित सदस्य नियुक्तीनंतर सहा महिन्यांच्या आत कोणत्याही पक्षात जाऊ शकत नाही. दोन : अपात्रतेचा निर्णय पीठासीन अधिकाऱ्याने किती दिवसांत द्यावा, याची मुदत कायद्यात नाही. तीन : पक्षाचे एकतृतीयांश आमदार फुटले तर त्यांना संरक्षण मिळतं.

पहिलं विधान वाचताना ‘नामनिर्देशित’ आणि ‘सहा महिने’ हे शब्द ओळखीचे वाटतात आणि पेन ‘बरोबर’कडे वळतं. थांबा. विधानाचे तुकडे करा: कोण, कधी, काय. कायदा नेमका उलट आहे. असा सदस्य सहा महिन्यांच्या आत पक्षात जाऊ शकतो, त्यानंतर गेला तर अपात्र. (अपक्षाला ही सवलतही नाही.) म्हणजे शब्द सगळे खरे, जोडणी खोटी. चूक.

दुसऱ्यात आपल्या महाराष्ट्राची मुलं हमखास अडकतात, कारण बातम्या डोक्यात असतात. शिवसेनेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तारखा घालून दिल्या आणि 10 जानेवारी 2024 ला अध्यक्षांचा निकाल आला, हे आपण पाहिलंय. शिवाय 2020 च्या मणिपूरच्या निकालात न्यायालयाने साधारण तीन महिन्यांची मुदत सांगितली होती. पण विधान विचारतंय ‘कायद्यात’. दहाव्या अनुसूचीत मुदत नाही. बरोबर.

तिसरं एकेकाळी बरोबर होतं. 2003 च्या 91 व्या घटनादुरुस्तीने एकतृतीयांश फुटीचं संरक्षण काढलं. उरलंय ते दोनतृतीयांश सदस्यांच्या संमतीने होणाऱ्या विलीनीकरणाचं. चूक.

आता हात काढा. केवळ एक.

गंमत पुढे आहे. समजा, एखादीने पहिलं बरोबर धरलं, ‘तीन महिने’ आठवून दुसरं चूक धरलं आणि तिसरं चूक. तिचंही उत्तर ‘केवळ एक’च! दोन विधानं चुकली आणि गुण पूर्ण मिळाले. टेस्ट सिरीजमध्ये हा प्रश्न हिरवा दिसतो, ती पुढे जाते. पुढच्या वेळी हीच विधानं ‘केवळ 1’, ‘केवळ 2’ अशा जुन्या पर्यायांसह आली की मग कळतं. म्हणून टेस्ट तपासताना उत्तर नाही, विधानापुढच्या खुणा तपासा. मी मित्रांबरोबर हे करतो तेव्हा ‘बरोबर आलेले’ प्रश्नच जास्त वेळ खातात.

शब्दांवरून ओळखायच्या क्लृप्त्यांवर माझा तर विश्वासच नाही. ‘केवळ’ आलं की विधान चूक, म्हणे! धनविधेयक केवळ लोकसभेतच मांडता येतं, त्याचं काय?

आणि प्रश्नचिन्ह उरलं तर? तीन विधानांपैकी एकावरच असेल, तर ‘किती’ प्रकारातही दोनच पर्याय शिल्लक राहतात. बरोबर आलं तर दोन गुण, चुकलं तर त्याचा एकतृतीयांश वजा. मी तिथे उत्तर देतो. दोनांवर असेल तर तीन पर्याय उरतात आणि फायदा नावापुरता राहतो; असे प्रश्न मी शेवटच्या फेरीला ठेवतो. जुन्या प्रकारात मात्र याच टप्प्यावर पर्याय कटाप करा, खुशाल. फक्त खुणा आधी झालेल्या हव्यात, कारण पर्याय पाहिल्यावर त्यांना जुळेल तसं विधान बरोबर वाटायला लागतं. मी हे रबर घेऊन खोडलेल्या खुणांवरून शिकलोय: खोडलेली पहिली खूणच बरोबर निघाली, असं एका टेस्टमध्ये चार वेळा झालं होतं.