"कबूल कर, सुटशील" म्हणणाऱ्यांनो, सुटत कोणीच नाही

"कबूल करून टाक, दंड भर, संध्याकाळच्या एसटीनं घरी जाशील." चंद्रपूर-गडचिरोलीतल्या तालुका कोर्टाच्या आवारात एक दिवस उभे राहा, हे वाक्य ऐकू येईलच. सांगणारा कधी गावातला शहाणा माणूस असतो, कधी कागद लिहून देणारा, आणि कधी कधी काळा कोट घातलेलाही असतो. ऐकणारा बहुतेक वेळा वीस-पंचवीस वर्षांचा पोट्टा असतो. तो मान हलवतो, कबूल करतो, दंड भरतो आणि खरंच संध्याकाळी घरी पोचतो. तीन-चार वर्षांनी वनरक्षक किंवा पोलीस भरतीत धावून, लेखी परीक्षा काढून तो निवडला जातो, तेव्हा त्याला कळतं की आपण त्या दिवशी सुटलोच नव्हतो. आपण दोषी ठरलो होतो.

आता या जुन्या सल्ल्याला नवं नाव मिळालंय. "प्ली बार्गेनिंग करून घे, शिक्षा कमी होते." शिक्षा कमी होते हे खरं आहे. पण कशाच्या बदल्यात, आणि कोणाला, हे कोणी सांगत नाही. म्हणून लिहितोय. पोस्ट लांब आहे, पण ज्यांच्या घरी केस चालू आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचावी.

ही सोय आपल्याकडे ५ जुलै २००६ पासून आहे. आधी ती फौजदारी प्रक्रिया संहितेत होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २८९ ते ३०० मध्ये आहे. ज्या गुन्ह्याची कमाल शिक्षा सात वर्षांपेक्षा जास्त नाही, त्यात आरोपीनं स्वतः अर्ज करायचा, फिर्यादी पक्षाशी तडजोड ठरवायची आणि कोर्टानं कमी शिक्षा द्यायची. स्त्री किंवा बालकाविरुद्धचा गुन्हा असेल तर ही वाट बंद. देशाच्या सामाजिक-आर्थिक स्थितीवर परिणाम करणारे म्हणून केंद्रानं जे कायदे जाहीर केलेत, त्यातही बंद. अ‍ॅट्रॉसिटीचा कायदा त्या यादीत आहे. दारूबंदीचा कायदा नाही, भारतीय वन अधिनियमही नाही. त्याच गुन्ह्यात आधी शिक्षा झालेल्यालाही ही वाट मिळत नाही.

आता आपल्या भागातलं उदाहरण घेऊ. माणूस काल्पनिक आहे, पण प्रकरण नेहमीचं आहे. ब्रह्मपुरीकडचा तेवीस वर्षांचा मुलगा. धानाच्या बांधावर क्लच वायरचा फास लावला, रानडुक्कर अडकलं, मेलं. जागा अभयारण्याच्या बाहेरची. वनखात्यानं वनगुन्हा नोंदवला, मुलगा दहा दिवस आत राहिला, जामीन झाला, आणि खटला प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे गेला. वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या कलम ५१ खाली कमाल शिक्षा तीन वर्षं, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

या मुलासमोर सगळ्यात आधी जी वाट होती ती प्ली बार्गेनिंगची नव्हतीच. त्याच कायद्याच्या कलम ५४ मध्ये अधिकार दिलेला वरिष्ठ वनाधिकारी रक्कम घेऊन प्रकरण मिटवू शकतो. आपल्याकडे त्याला "कंपाउंड करणं" म्हणतात. अट एवढीच की त्या गुन्ह्याला किमान कैद ठरवलेली नसावी, आणि अभयारण्याबाहेरच्या रानडुकराच्या गुन्ह्याला ती नाही. रक्कम भरली की पुढची कारवाई थांबते. दोषी ठरवणं नाही, शिक्षा नाही. हा अधिकाऱ्याचा अधिकार आहे, मुलाचा हक्क नाही, हे मान्य. पण लेखी अर्जच केला नाही तर नकार तरी कोण देणार? प्रकरण कोर्टात जाण्याआधी हा अर्ज द्यायचा असतो हे मुलाच्या घरच्यांना कोणी सांगितलंच नाही.

दुसरी वाट प्ली बार्गेनिंगची. आरोप ठेवल्याच्या तारखेपासून ३० दिवसांच्या आत अर्ज द्यावा लागतो. वनखात्याच्या तक्रारीवरच्या अशा खटल्यात आधी खात्याचे साक्षीदार तपासतात, मग आरोप ठेवतात, त्यामुळे ती तारीख कधी कधी वर्षानुवर्षं येत नाही. आणि आली की आली हे आरोपीला समजत नाही, कारण त्याच्या लेखी ती नेहमीसारखीच एक "तारीख" असते. अर्जासोबत शपथपत्र लागतं: मी हे स्वखुशीनं करतोय, शिक्षा किती आहे ते मला समजलंय, आणि याच गुन्ह्यात मला पूर्वी शिक्षा झालेली नाही. मग न्यायाधीश त्याला बंद खोलीत, दुसरा पक्ष समोर नसताना विचारतात की तुझ्यावर दबाव आहे का. दबाव दिसला तर अर्ज बाजूला आणि खटला पुढे. नाहीतर दोन्ही बाजूंना तडजोड ठरवायला जास्तीत जास्त ६० दिवस.

आता हिशेब. या गुन्ह्यात कमाल शिक्षा तीन वर्षं. ज्याला कधीच कुठल्या गुन्ह्यात शिक्षा झालेली नाही, त्याला कोर्ट एक षष्ठांश देऊ शकतं, म्हणजे सहा महिने. आत काढलेले दहा दिवस त्यातून वजा. (१ जुलै २०२४ ला जे खटले आधीच चालू होते ते जुन्या कायद्यानं चालतात. तिथे एक चतुर्थांश, म्हणजे नऊ महिने.) पण याच कलम २९३ मध्ये शिक्षेच्या या हिशेबाच्या आधी एक गोष्ट लिहिली आहे: परिवीक्षा. कोर्टाला वाटलं तर चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर, तुरुंगात न पाठवता सोडता येतं. अभयारण्यातल्या किंवा राष्ट्रीय उद्यानातल्या शिकारीला ही सवलत कायद्यानंच बंद आहे. शेताच्या बांधावरच्या डुकराला नाही. तरी परिवीक्षा मागितली जात नाही. लोकांना ती माहीतच नाही, आणि ज्यांना माहीत आहे ते तोंड उघडत नाहीत.

तिसरी वाट म्हणजे आवारातली, "कबूल करून टाक". ही प्ली बार्गेनिंग नाही. इथे अर्ज नाही, बंद खोलीतली चौकशी नाही, शिक्षेची ठरलेली मर्यादा नाही. न्यायाधीश कोर्ट उठेपर्यंत बसायला सांगतील किंवा तीन वर्षंही देतील. बहुतेक वेळा दंडावर भागतं, म्हणूनच ही वाट चालते.

आणि रेकॉर्ड? इथेच सगळा घोळ आहे. कंपाउंड झालं तर दोष सिद्ध झालेला नाही. बाकी दोन्ही वाटांवर, मग दंड पाचशे असो की सहा महिने कैद असो, तुम्ही दोषी. प्ली बार्गेनिंग म्हणजे कमी शिक्षेची दोषसिद्धी. केस "मिटत" नाही, आणि त्या निकालावर नेहमीचं अपीलही नाही. हायकोर्टात रिट किंवा सुप्रीम कोर्टात विशेष अनुमती याचिका, एवढंच उरतं. सिरोंच्याच्या माणसानं त्यासाठी नागपूर गाठायचं.

परिवीक्षा मिळाली तर परिवीक्षा अधिनियमाचं कलम १२ मदतीला येतं: दोषसिद्धीमुळे एखाद्या कायद्यानं जी अपात्रता चिकटते, ती चिकटत नाही. पण दोषसिद्धी पुसली जात नाही. सुप्रीम कोर्टानं १९९० मध्ये बक्षी राम प्रकरणात हे स्पष्ट केलंय. म्हणजे भरतीच्या साक्षांकन नमुन्यात "आपणांस कधी अटक झाली का, खटला झाला का, दोषी ठरवले का" या रकान्यांत खरंच लिहावं लागेल.

इथे आणखी एक शहाणपण शिकवलं जातं. "वनगुन्हा पोलीस ठाण्यात नसतो, पडताळणीत दिसत नाही, लिहू नको." हा सल्ला देणाऱ्याला माझ्यासमोर आणा. २०१६ च्या अवतार सिंग निकालात सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की किरकोळ गुन्हा खरा सांगितला तर नेमणूक करणारा अधिकारी तो माफ करण्याचा विचार करू शकतो, पण लपवणं हेच नोकरी जाण्याचं कारण ठरू शकतं. डुकरानं नोकरी जाईलच असं नाही. कोऱ्या सोडलेल्या रकान्यानं मात्र जाऊ शकते.

"म्हणजे शिकाऱ्यांना मोकळं सोडायचं का?" असं काही वन्यजीवप्रेमी मित्र विचारतील. नाही. त्याच फासात वाघ अडकला असता तर प्रकरण वेगळं. अनुसूची एकमधला प्राणी, किमान तीन आणि कमाल सात वर्षं. सात वर्षं म्हणजे मर्यादेच्या आतच, तरीही प्ली बार्गेनिंग नाही, कारण जुलै २००६ च्या अधिसूचनेनं अनुसूची एक आणि अनुसूची दोनच्या भाग दोनमधले प्राणी त्या यादीत टाकलेत. आणि किमान कैद असल्यामुळे कंपाउंडही नाही. वाघाला कायदा कडक आहे, राहू दे.

पण त्यातही एक खड्डा पडलाय. १ एप्रिल २०२३ पासून वन्यजीव कायद्याच्या अनुसूची बदलल्या. जुना "अनुसूची दोन, भाग दोन" आता नाहीच. आणि पूर्वी अनुसूची तीनमध्ये असलेलं रानडुक्कर नव्या अनुसूची दोनमध्ये आलंय. अधिसूचनेतले शब्द तेच जुने. त्यामुळे "डुक्कर अनुसूची दोनमधलं आहे, अर्ज चालणार नाही" असं कोणी ठोकून देईल, आणि गरीब माणूस ऐकून घरी जाईल. त्यानं ऐकू नये. वगळलेल्या प्राण्यांत रानडुक्कर कधीच नव्हतं. केंद्रानं अधिसूचना दुरुस्त करायला किती वर्षं घ्यायची?

हा कायदा येण्याआधी सुप्रीम कोर्टाला अशा सौद्यांची भीती वाटायची ती श्रीमंतांची. १९७६ चा मुरलीधर लोया खटला महाराष्ट्रातलाच, खाद्यतेलाच्या भेसळीचा. व्यापारी गुन्हा कबूल करतो आणि स्वस्तात सुटतो, असा तो राग होता. आज आमच्याकडे उलटं आहे. श्रीमंताचा वकील आधी कंपाउंड बघतो, मग पुरावा फोडतो, आणि सौद्यापर्यंत येतच नाही. माडिया किंवा गोंडी बोलणारा माणूस मात्र मराठीत वाचून दाखवलेल्या कागदावर अंगठा देतो, आणि कागद म्हणतो "स्वखुशीने, समजून". कोणाच्या खुशीनं? कोणत्या भाषेत समजून?

म्हणून माझी मागणी शिक्षा कमी करण्याची नाही. कोणाचीही कबुली नोंदवण्याआधी त्याला त्याच्या भाषेत दोन गोष्टी सांगितल्या जाव्यात: यानंतर तू कायद्यानं दोषी असशील, आणि परिवीक्षा मागता येते. दुभाषी नसेल तर त्या दिवशी कबुली घेऊ नये, पुढची तारीख द्यावी. बंद खोलीतली चौकशी दुभाष्याशिवाय झाली तर ती चौकशी नव्हेच.

ज्यांच्या घरी केस चालू आहे त्यांनी उद्या एवढं करा. आरोप ठेवलाय का, आणि कोणत्या तारखेला, हे वकिलाला विचारा. ठेवला असेल तर ३० दिवस मोजा. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या लोक अभिरक्षक कार्यालयात जा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला तिथे उत्पन्नाचा दाखला न मागता मोफत वकील मिळतो, आदिवासी असल्याचा कागद पुरे. आणि आवारात कोणी खांद्यावर हात ठेवून "कबूल कर" म्हणालं, तर त्याला विचारा, "भाऊ, साक्षांकन नमुन्यात मग मी काय लिहू?"