न्यूट्रलही तोडा

गीझरच्या पॉइंटला डबल पोल स्विच लावायचा, हे आपल्यातल्या शिकाऊ मुलालाही ठाऊक असते. तरीही न्हाणीघराबाहेर मोठा, लाल दिव्याचा स्विच दिसला की तो डीपीच असणार असे आपण धरून चालतो. बाजारात अगदी तसाच दिसणारा, १६ किंवा २० अँपिअरचा सिंगल पोल स्विचही मिळतो. पुढून फरक कळत नाही. मागे पाहावे लागते: सिंगल पोलला फेज आत, फेज बाहेर आणि दिव्यासाठी एक न्यूट्रल, अशी तीन टर्मिनल असतात. डीपीला चार असतात, कारण तो फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडतो. दिवा लागतो म्हणजे स्विच डीपी आहे, असे नाही.

केळापूर तालुक्यासारख्या भागात हा फरक शहरापेक्षा जास्त महत्त्वाचा ठरतो. पांढरकवड्याहून आत गावांकडे गेले की एकेका ट्रान्सफॉर्मरवरून लांबवर लघुदाब लाइन गेलेली असते. वादळात वायर तुटते, खांबावरचा जोड पुन्हा केला जातो, आणि त्यात कधी फेज-न्यूट्रलची अदलाबदल होते. घरातल्या कुणाला ते कळतही नाही, कारण दिवे-पंखे चालूच राहतात. पण त्या क्षणापासून घरातला प्रत्येक सिंगल पोल स्विच न्यूट्रल तोडू लागतो. गीझर ‘बंद’ असतो आणि त्याच्या एलिमेंटवर पूर्ण २३० व्होल्ट उभे असतात. दुसरी शक्यता याहून वाईट आहे. लाइनचाच न्यूट्रल तुटला तर घरात आलेली न्यूट्रलची वायर शेजाऱ्यांच्या लोडमधून फेजकडे ओढली जाते. तेव्हा स्विच फेजवर बरोबर बसवलेला असला तरी उपयोग नाही. करंट न्यूट्रलच्या बाजूने एलिमेंटपर्यंत येतो. डीपी स्विच बंद असेल तर या दोन्ही वेळी एलिमेंट सगळीकडून सुटे राहते. याच कारणाने गीझरच्या सर्किटचा एमसीबीसुद्धा डबल पोलच घ्यावा.

आता एक नेहमीची तक्रार घेऊ. घरात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी आहे. गीझर बंद आहे, तरी संध्याकाळी पाण्याची मोटर सुरू केली की आरसीसीबी पडतो. वायरमन मोटर तपासतो, तिच्यात काही सापडत नाही. मग आरसीसीबी खराब ठरवून काढला जातो, आणि घरातले एकमेव खरे संरक्षण जाते.

दोष बहुतेकदा गीझरच्या एलिमेंटमध्ये असतो. क्षारांचा थर चढून त्याच्या नळीला बारीक चीर गेलेली असते, आत ओल शिरलेली असते. मोटर चालू झाली की लांब लाइनवरच्या न्यूट्रलमध्ये करंट वाढतो आणि घरापाशी न्यूट्रल जमिनीपेक्षा दोन-तीन व्होल्ट वर जातो. एलिमेंटची गळती १०० ओहमची असेल, तर ३ व्होल्टला ३० मिलीअँपिअर न्यूट्रलमधून गीझरच्या बॉडीत आणि तिथून अर्थिंगमध्ये उतरतात. आरसीसीबीला आत गेलेला आणि परत आलेला करंट जुळत नाही, म्हणून तो पडतो. तो आपले काम चोख करत असतो. ही गळती न्यूट्रलमधून होते, त्यामुळे सिंगल पोल स्विच बंद करून ती थांबत नाही.

अशा वेळी गीझरचा प्लग सॉकेटमधून काढा आणि मोटर पुन्हा चालवा. आरसीसीबी टिकला तर दोष गीझरचा. मग ५०० व्होल्टचा मेगर एलिमेंटच्या पिना आणि बॉडी यांच्यामध्ये लावा. वाचन एक मेगओहमच्या खाली आले तर एलिमेंट बदला. स्विच खरोखर डीपी असता, तर तो बंद करताच ट्रिपिंग थांबले असते आणि दोष गीझरमध्ये आहे हे तिथेच कळले असते.

वायरचा विचार करताना घराची ठेवण आधी पाहा. जुन्या घरांत मीटर पुढच्या ओसरीवर आणि न्हाणी मागे परसात असते. वीस मीटर अंतर सहज भरते, म्हणजे जाऊन-येऊन चाळीस मीटर वायर. दोन किलोवॅटचा गीझर ८.७ अँपिअर घेतो. न्हाणीतल्या दिव्याच्या एक चौरस मिलिमीटरच्या वायरवरूनच पॉइंट काढला, तर एवढ्या लांबीत सुमारे ७ व्होल्ट पडतात आणि जवळपास ६० वॅट उष्णता बंद पाइपात साठत राहते. अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत तीच उष्णता २४ वॅटवर येते. दोन किलोवॅटला अडीच पुरते. तीन किलोवॅटचा गीझर असेल किंवा अंतर याहून लांब असेल तर चार घाला. एमसीबीपासून स्वतंत्र वायर ओढा, मध्ये जोड नको.

जुन्या कन्ड्युटमधल्या तीन-वीसबद्दल सावध राहा. तीन-वीस म्हणजे अडीच, असा समज आपल्यात पक्का बसला आहे. वीस गेजची तार ०.९१ मिलिमीटर व्यासाची असते. तिचे तीन पदर मिळून क्षेत्रफळ जेमतेम दोन चौरस मिलिमीटर भरते. त्यातून ती अॅल्युमिनियमची निघाली तर गीझरसाठी ती वापरूच नका.

सॉकेट १६ अँपिअरचे, तीन पिनांचे, आयएसआय खुणेचे हवे. ते गीझरच्या बरोबर खाली बसवू नका, कारण पाण्याच्या नळ्यांचे नट पहिल्यांदा तिथेच ठिबकतात. शॉवरच्या फवाऱ्यापासून दूर, उंचावर आणि गीझरच्या बाजूला जागा निवडा, म्हणजे गीझरची मूळ केबल न ताणता पोहोचेल. डीपी मात्र न्हाणीच्या बाहेर. सहा महिन्यांनी पुन्हा त्या घरी जाणे झाले, तर प्लग काढून फेजच्या पिनेपाशी प्लास्टिक तपकिरी झाले आहे का ते पाहा. झाले असेल तर पकड सैल आहे. नुसता प्लग बदलून भागत नाही, सॉकेटही बदला.

अर्थिंगचा शेवटचा मुद्दा. फेज आणि अर्थ यांच्यात शंभर वॅटचा दिवा लावून तो उजळला की ‘अर्थ चांगली’ म्हणायची पद्धत सोडून द्यायला हवी. अर्थचा रोध ५० ओहम असला तरी तो दिवा जवळपास पूर्ण पेटतो. त्याच अर्थवर गीझरची बॉडी फेजला चिकटली, तर फक्त साडेचार अँपिअर वाहतात. १६ अँपिअरचा एमसीबी हलत नाही आणि नळाला हात लावणाऱ्यापर्यंत विजेचा दाब पोहोचतो. इथली काळी जमीन ओली असते तेव्हा अर्थला छान साथ देते. सुकली की भेगाळते आणि इलेक्ट्रोडपासून सुटते. म्हणून मोजणी अर्थ टेस्टरनेच करा, तीही पावसाळ्यात नाही, जमीन सुकल्यावर. अर्थिंग मिळत नाही म्हणून सॉकेटमध्ये अर्थची पिन न्यूट्रलला जोडलेली दिसली, तर ती तिथल्या तिथे तोडा. न्यूट्रल तुटल्यावर तीच जोडणी गीझरच्या बॉडीवर फेज आणून ठेवते.

काम झाल्यावर डीपी बंद करून मीटरने दोन्ही पोल खरोखर तुटतात का ते तपासा, आरसीसीबीचे टेस्ट बटण दाबा, अर्थचे वाचन आणि तारीख बोर्डाच्या झाकणाच्या आत लिहून ठेवा. हे लिहिलेले नसेल तर त्या गीझरचे पाणी तापवायला परवानगी देऊ नका.