विश्लेषण : घरून काम हवे, तर साहेबांना काय लिहावे?

मोहने येथून ऐरोलीला नोकरीसाठी जाणाऱ्याचा दिवस आंबिवली स्थानकापर्यंतच्या रिक्षाने सुरू होतो. मग कसारा, आसनगाव किंवा टिटवाळ्याहून भरून आलेली लोकल, ठाण्याला उतरून ट्रान्सहार्बरची गाडी आणि पुढे पुन्हा रिक्षा किंवा पायपीट. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ गर्दीच्या लोकलमधून पडून प्रवाशांचे बळी गेले. त्यानंतर मध्य रेल्वेने कार्यालयांना वेळा बदलण्याचे आवाहन पुन्हा केले. पण आवाहन कंपनीला असते. आपल्या टीमपुरता प्रश्न कर्मचाऱ्याला स्वतःच मांडावा लागतो. तो कसा मांडावा?

हा हक्क आहे का?

खासगी नोकरीत सरसकट नाही. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीने मातृत्व रजेनंतर घरून काम करण्याची वाट मोकळी केली, पण तीही कामाचे स्वरूप तसे असेल आणि मालक व कर्मचारी यांचे एकमत झाले तरच. ब्रिटनमध्ये ६ एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून अशी मागणी करता येते, मालकाला दोन महिन्यांत उत्तर द्यावे लागते आणि नकार कायद्यातील ठरावीक कारणांवरच देता येतो. मात्र तिथेही हक्क मागण्याचा आहे, मिळण्याचा नाही. आपल्याकडे तर ‘मला मिळायलाच हवे’ या वाक्याला आधारच उरत नाही.

प्रवासाचे कारण पुरेसे का नाही?

कारण तो त्रास खरा असला तरी व्यवस्थापकाच्या हातात नाही. ‘रोज साडेतीन तास जातात, फार थकायला होते’ असे लिहिले तर सहानुभूती मिळते आणि ‘बघू’ हे उत्तर. त्याने होकार दिला तर त्याला वरिष्ठांना, एचआरला आणि टीममधील इतरांना उत्तर द्यायचे असते. ते उत्तर अर्जातच तयार मिळाले पाहिजे. प्रवास एका वाक्यात सांगावा. बाकी अर्ज कामाबद्दल असावा. ‘त्या टीमला मिळते, मग आम्हाला का नाही’ ही तुलना आणि राजीनाम्याची सूचक धमकी दोन्ही टाळावे. उलट टोकाची ‘कृपा करून माझा विचार व्हावा’ ही विनवणीही नको, कारण त्यात तपासण्यासारखे काहीच नसते.

मग मेलमध्ये काय असावे?

समजा, मोहनेतील एक कर्मचारी सहा जणांच्या टीममध्ये विमा दाव्यांची छाननी करते. मूळ कागदपत्रांच्या फायली सोमवारी, बुधवारी आणि शुक्रवारी हाताळाव्या लागतात. मंगळवारी आणि गुरुवारी फक्त स्कॅन केलेले दावे असतात. म्हणजे मागणी ‘घरून काम’ अशी मोघम न राहता दोन दिवसांची होते. मेल इंग्रजीत गेला तरी मजकूर साधारण असा :

‘मंगळवार व गुरुवार घरून काम करण्याची सहा आठवड्यांसाठी परवानगी मिळावी. या दोन दिवशी माझ्याकडे फक्त स्कॅन केलेले दावे असतात. रोजचे ४० दावे आणि सध्याचे चुकांचे प्रमाण कायम ठेवीन. दर शुक्रवारी आकडे पाठवीन. नेहमीच्या वेळेत फोन व चॅटवर उपलब्ध असेन. महिनाअखेरीच्या आठवड्यात पाचही दिवस कार्यालयात येईन. वीज किंवा इंटरनेट गेल्यास पर्यायी जोडणी आहे; ती न चालल्यास तासाभरात कळवीन व राहिलेले काम त्याच आठवड्यात पूर्ण करीन. प्रवासाचे वाचलेले तास मला उपयोगी पडतील, पण कामात फरक दिसला तर ही सोय थांबवावी.’

शेवटचे वाक्य अनेकांना स्वतःहून माघार घेतल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात त्यामुळेच होकार देणे सोपे होते, कारण व्यवस्थापकाला कायमचा निर्णय घ्यावा लागत नाही. वीज जाण्याचा उल्लेखही मुद्दाम आहे : महावितरणच्या देखभालीच्या दिवशी काय करणार, हा प्रश्न त्याने विचारण्याआधी उत्तर दिलेले बरे. आकडे मात्र आपल्या मागच्या दोन-तीन महिन्यांच्या नोंदीतलेच द्यावेत. फुगवून दिलेला आकडा सहा आठवड्यांत आपल्याच अंगाशी येतो.

मेल कधी पाठवावा?

आधी नियुक्तिपत्र आणि कंपनीचे धोरण वाचून. ग्राहकाची माहिती फक्त कार्यालयातील संगणकावर हाताळावी अशी करारात अट असेल, तर व्यवस्थापकाला कितीही वाटले तरी त्याला होकार देता येत नाही. मग प्रत्यक्ष दहा मिनिटे बोलून त्याच दिवशी मेल करावा. आधीच मेल गेला, तोही एचआरला प्रत लावून, तर ती तक्रार वाटते.

नकार आला तर?

‘नेमकी अडचण कोणत्या कामाची आहे?’ एवढेच विचारावे. अडचण कागदी फायलींची निघाली तर एक दिवस मागता येतो. उपस्थितीचीच असेल तर वेळ बदलून मागावी : साडेनऊ ते साडेसहाऐवजी आठ ते पाच. आंबिवलीकराला कदाचित हेच अधिक उपयोगी पडेल, कारण सकाळ-संध्याकाळची ऐन गर्दी त्याने बरीच चुकते आणि साहेबांना माणूस समोर दिसतो. होकार तोंडी मिळाला तर ‘आपल्या बोलण्याप्रमाणे अमुक तारखेपासून’ असा दोन ओळींचा मेल त्याच दिवशी पाठवावा. व्यवस्थापक बदलला की तोंडी सोय सर्वांत आधी जाते.