गुण्याला परका म्हणू नका

जुन्या कंपासपेटीतील त्रिकोणी साधनाला ‘गुण्या’ म्हणणे अशुद्ध होय, असा आक्षेप एका विद्वान गृहस्थांनी घेतला. त्यांना हवी ‘काटकोनदर्शिका’. हा आग्रह आम्हांस मान्य नाही. ग्रीकमध्ये ‘गोनिया’ म्हणजे कोन. तोच शब्द फारसीतून येऊन आपल्याकडे गुण्या झाला आणि सुतार-गवंड्यांनी तो राबविला. पेटीतील एका गुण्याचे कोन ४५, ४५, ९० अंशांचे, दुसऱ्याचे ३०, ६०, ९०. काटकोन दोहोंत आहेच. नाव तेच राहिले, तर मुलाला सुताराची परीक्षाही कळते. पट्टीला गुण्या टेकवून उभी रेघ मारावी, मग तो उलटवून त्याच बिंदूतून दुसरी मारावी. रेघा एकावर एक बसल्या, तर गुण्या खरा. फाकल्या, तर त्यांच्यातील कोनाच्या निम्मा दोष गुण्याचा. ‘काटकोनदर्शिका’ कोणत्या सुताराने अशी उलटवून पाहिली आहे? आणि ‘कंपास’ हा एकच शब्द पेटीलाही व वर्तुळ काढण्याच्या साधनालाही चालतो, तिथे मात्र शुद्धीचा कैवार कोणी घेत नाही. (कन्नडमध्ये त्या साधनालाच ‘कैवार’ म्हणतात, सीमाभागातील मुलांना ते ठाऊक आहे.)