शुश्रूषेचा पैसा वेगळा काढा

म्हातारपणाच्या खर्चाचा विषय निघाला की शहरी मध्यमवर्गीय घरांतून तीन उत्तरे हमखास येतात: मेडिक्लेम आहे, मुले आहेत आणि अगदीच वेळ आली तर राहते घर आहे. यातले एकही उत्तर खोटे नाही, पण प्रश्न वेगळाच आहे. ऐंशीनंतर अनेकांच्या आयुष्यात एक काळ असा येतो की आजार बरा करण्यासारखा उरलेला नसतो, मात्र उठवून बसवायला, अंघोळ घालायला, भरवायला, संडासला न्यायला आणि कूस बदलायला माणूस लागतो. त्या माणसाला दर महिन्याला पैसे द्यावे लागतात आणि ते किती वर्षे द्यावे लागतील हे कुणालाच आधी सांगता येत नाही. हा खर्च औषधोपचाराच्या सदरातला नाही, तो पगाराच्या सदरातला आहे. म्हणून त्याची तरतूदही वेगळी हवी: रक्कम वेगळी, नाव वेगळे आणि ती कुणी काढायची हे शुद्धीत असतानाच ठरलेले.

मेडिक्लेमवरचा विश्वास आधी तपासू. आरोग्यविमा मुख्यतः रुग्णालयात दाखल होण्याशी बांधलेला आहे. मांडीचे हाड मोडले तर शस्त्रक्रियेचे पैसे मिळतात, घरी परतल्यावर साधारण साठ दिवसांपर्यंतचा संबंधित वैद्यकीय खर्चही अनेक पॉलिसी देतात. पुढे मात्र दार बंद होते. विमा नियामकाने ठरवून दिलेल्या प्रमाण अपवादांतच असे म्हटले आहे की अंघोळ, कपडे, चालणे-फिरणे अशा दैनंदिन कामांसाठी घरी किंवा शुश्रूषागृहात घेतलेली मदत, मग ती नर्सची असो वा अप्रशिक्षित व्यक्तीची, विम्यात धरायची नाही. काही पॉलिसींत घरच्या नर्सिंगचे थोड्या दिवसांचे पैसे मिळतात, पण पक्षाघातानंतरच्या तीन वर्षांपुढे ते काहीच नाहीत. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या सर्वांना आयुष्मान भारत योजनेत पाच लाखांचे संरक्षण मिळाले, तेही दाखल रुग्णासाठीच. म्हणजे विम्याचा हप्ता कितीही मोठा असला तरी आयाबाईचा एक दिवसही त्यातून निघत नाही.

मुलांविषयीचे उत्तर नाजूक आहे, कारण त्याला आव्हान दिले की नात्यावर संशय घेतल्यासारखे वाटते. पण इथे मुलांच्या मायेचा प्रश्नच नाही. आई-वडील पंच्याऐंशीचे होतात तेव्हा मुले पंचावन्न-साठीत असतात. त्यांची स्वतःची नोकरी संपत आलेली असते, गुडघे कुरकुरत असतात आणि एखादे अपत्य अजून शिकत असते. अशा वेळी दरमहा पन्नास हजारांचा भार अचानक आला तर प्रेमळ घरातही भावाभावांत हिशेब सुरू होतो. कायद्याचा आधारही तोकडा आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याखाली न्यायाधिकरण मुलांकडून निर्वाह मिळवून देऊ शकते, पण त्याची कमाल मर्यादा महिन्याला दहा हजार रुपये आहे. पैसा आई-वडिलांचा असला तर मुलांच्या वाट्याला देखरेख, धावपळ आणि सोबत उरते, आणि तेवढे ती सहसा मनापासून करतात.

उरले घर. घर ही मालमत्ता आहे, पण अंथरुणाला खिळलेला माणूस त्याच घरात झोपलेला असतो आणि बहुधा त्याचा जोडीदारही तिथेच राहत असतो. फ्लॅट विकायला महिने जातात, कागदपत्रांत खोट निघाली तर वर्ष जाते, आणि मालकाची स्मृती गेलेली असेल तर सही करायलाच कुणी उरत नाही. घर तारण ठेवून दरमहा रक्कम घेण्याची रिव्हर्स मॉर्टगेज योजना २००७ पासून आपल्याकडे आहे, पण तिच्यासाठीही निर्वेध मालकी हक्क आणि शुद्धीतली सही लागते. घर हा शेवटचा आधार जरूर असावा, पण पहिल्या महिन्याचा पगार भिंतींतून देता येत नाही.

तर मग रक्कम किती हवी? पुण्यातल्या एका काल्पनिक जोडप्याचा हिशेब मांडू. पती ७४ वर्षांचे, पत्नी ७० वर्षांची. दर आजचे आणि मध्यम धरले आहेत, आपल्या भागातल्या दोन-तीन ब्यूरोंना विचारून ते बदलावेत. पहिला टप्पा आधाराचा: दिवसपाळीला एक मदतनीस, बारा तासांचे ८०० रुपये म्हणजे महिन्याला २४ हजार, वर किरकोळ चार हजार. दुसरा टप्पा अंथरुणाचा: चोवीस तासांची बाई दिवसाला ११०० रुपयांनी ३३ हजार, रोजचे चार डायपर साधारण पाच हजार, आठवड्याला तीनदा फिजिओ आठ हजार, खाट आणि हवेची गादी भाड्याने तीन हजार. डॉक्टरांची घरभेट धरली की पन्नास हजार होतात. पहिला टप्पा दोन वर्षे आणि दुसरा तीन वर्षे धरला तर आजच्या भावाने एका माणसासाठी सुमारे पंचवीस लाख लागतील. ही गरज आठ वर्षांनी सुरू होईल असे समजू. मदतनिसांची मजुरी वर्षाला आठ टक्क्यांनी वाढली आणि ठेवीवर कर जाऊन सहाच टक्के सुटले, तर आज पंचवीस नव्हे, तीस लाख बाजूला काढावे लागतात. महागाईचा सर्वसाधारण आकडा इथे कामाचा नाही, कारण आपण वस्तू नव्हे तर माणसांचा वेळ विकत घेणार आहोत.

हा आकडा दोघांसाठी मिळून पुरेल का, या प्रश्नात नियोजनाची खरी परीक्षा आहे. आपल्याकडे पती सहसा वयाने मोठा असतो. तो आधी पडतो, पत्नी स्वतः राबून त्याची शुश्रूषा करते, म्हणून त्याचा खर्च कमी दिसतो. ती पडते तेव्हा तिच्यासाठी राबायला कुणी नसते, आणि जमलेली पुंजी पतीच्या शेवटच्या वर्षांत संपलेली असते. त्यातच उत्पन्नही घटते: सरकारी निवृत्तिवेतन शेवटच्या मूळ वेतनाच्या ५० टक्के असते, तर कुटुंब निवृत्तिवेतन सर्वसाधारण दराने ३० टक्के. म्हणून निधीचे दोन भाग करावेत आणि पत्नीचा भाग मोठा ठेवून तिच्याच नावावर ठेवावा. पतीच्या आजारपणात त्याला हात लावायचा नाही, हे दोघांनी मुलांसमोर ठरवावे. त्या घाईत त्याला हात लावावासा वाटणारच, म्हणून हा नियम आधीच करायचा.

घरी ठेवायचे की संस्थेत, हा वाद बहुधा भावनेवर लढला जातो, पण तो हिशेबानेही बराचसा सुटतो. एक चोवीस तासांची बाई भागवते तोवर घर स्वस्त पडते. मात्र तीही झोपते, रजा घेते, गावी जाते, आणि नळीने भरवणे किंवा घशातला कफ ओढून काढणे हे तिचे काम नाही, त्यासाठी प्रशिक्षित नर्स लागते. रात्री वारंवार उठावे लागले की दोन पाळ्या येतात, पगार अठ्ठेचाळीस हजारांवर जातो, बाकीचा खर्च धरून आकडा पासष्टच्या घरात पोचतो, आणि बदली माणूस शोधणारा घरचा व्यवस्थापक वेगळाच खपतो. इथून पुढे चांगली संस्था महाग राहत नाही. मात्र ज्येष्ठांसाठीच्या गृहसंकुलांत आणि शुश्रूषेच्या निवासात गल्लत करू नये. पुष्कळ संकुले हिंडत्या-फिरत्या माणसांसाठी असतात, माणूस अंथरुणाला लागला की स्वतःचा मदतनीस आणा म्हणतात किंवा जागा सोडायला सांगतात. अनामत देण्यापूर्वी करारात चार गोष्टी शोधाव्यात: अंथरुणावरचा आणि स्मृतिभ्रंशाचा रुग्ण ठेवता का, दरवाढ वर्षाला किती, रुग्णालयात असतानाचे भाडे लागते का आणि अनामत किती दिवसांत परत मिळते.

आता पैसा ठेवायचा कुठे. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एका व्यक्तीला तीस लाखांपर्यंत ठेवता येतात, एप्रिल २०२३ पासून नव्या ठेवींवर व्याज ८.२ टक्के आहे. तिच्यात एका खात्यातून थोडी थोडी रक्कम काढता येत नाही, मोडायचे तर पूर्ण खाते मोडावे लागते. म्हणून तीस लाखांचे एक खाते उघडण्याऐवजी दहा-दहा लाखांची तीन उघडावीत. पण याहून मोठी अडचण सहीची आहे. कुलमुखत्यारपत्र करून ठेवले की झाले, असे अनेकांना वाटते. भारतीय करार कायद्याच्या कलम २०१ प्रमाणे मुखत्यारपत्र देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की ते संपते, म्हणजे नेमके गरजेच्या वेळी ते निरुपयोगी होते. मग पालक नेमून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावे लागते. ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात’ अशी मुदतठेवही मुदतीपूर्वी मोडायला बँका अनेकदा दोघांची सही मागतात. त्यावर उपाय साधा आहे: विश्वासू मुलासोबत एक संयुक्त बचत खाते, त्यात सहा महिन्यांचा खर्च, आणि दर तीन-चार महिन्यांनी एक ठेव पिकून आपोआप त्या खात्यात येईल अशी मुदतींची रांग. मुलाच्या हाती सगळी पुंजी देण्याची भीती वाटणाऱ्यांनाही हे मानवेल, कारण एका वेळी त्याच्या हाताशी थोडीच रक्कम असते.

यावर आक्षेप येतो की माणूस झोपेतच गेला तर हे तीस लाख वाया गेले. ते वाया जात नाहीत, मृत्युपत्राप्रमाणे वारसांना मिळतात. उलट निधी नसला आणि गरज पडली तर वारसांच्याच खिशातून जातात. शिवाय गरज विरळा नाही: २०१७-१८ च्या देशव्यापी वार्धक्य पाहणीत साठीपुढच्या सुमारे एक चतुर्थांश लोकांना अंघोळ, कपडे, चालणे यांसारख्या कामांपैकी किमान एक करताना अडचण येत होती, आणि ऐंशीनंतर हे प्रमाण वाढतच जाते.

दुसरा आक्षेप अधिक खरा आहे: तीस लाख किती घरांत आहेत? बहुसंख्य घरांत नाहीत, आणि त्यांच्यासाठी खासगी बचत हे उत्तरच नव्हे. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये दीर्घकालीन शुश्रूषेचा सक्तीचा सामाजिक विमा सुरू केला. आपल्याकडे तशी व्यवस्था नाही आणि ती मागायला हवी. पण ती येईपर्यंत ज्याच्याकडे पाच लाख आहेत त्यानेही ते शुश्रूषेच्या नावाने वेगळे ठेवावेत. पाच लाखांत अंथरुणाचे दहा महिने निघतात. तेवढ्या अवधीत घर भाड्याने द्यायचे, लहान घरात जायचे की विकायचे, हा निर्णय शांतपणे घेता येतो. पैसा वेगळा काढलेला नसेल तर तोच निर्णय रुग्णालयातून घरी आणण्याच्या आदल्या संध्याकाळी घ्यावा लागतो, आणि घाईत घेतलेल्या त्या निर्णयाची किंमत बहुधा मागे उरलेल्या जोडीदाराला मोजावी लागते.