दुआ कबूल झाली असेल, पण चेंडू कोणी अडवला?

२०२२च्या विश्वचषकात मोरोक्को उपांत्य फेरीत पोचला, तेव्हा मोबाईलवर दोन प्रकारचे संदेश फिरत होते. आपल्यातले लोक लिहीत होते, ‘दुआंनी जिंकले.’ बाकीचे लिहीत होते, ‘गोलसमोर गर्दी करून जिंकले, नशीबवान आहेत.’ सज्द्यात झुकलेल्या त्या खेळाडूंचे फोटो मीही पुढे पाठवले. तरीही मला हे दोन्ही संदेश सारखेच चुकीचे वाटतात. दोन्ही त्या अकरा जणांची अक्कल नाकारतात.

६ डिसेंबरचा स्पेनविरुद्धचा सामना आठवा. चेंडू तीन चतुर्थांश वेळ स्पेनकडे होता. त्यांनी हजाराहून अधिक पास दिले आणि १२० मिनिटांत गोलच्या चौकटीत त्यांचा एकच फटका गेला. पुरवण्यांवर पुरवण्या जोडणारा, पण प्रश्नाचे उत्तर न लिहिणारा विद्यार्थी प्रत्येक शिक्षकाने पाहिला आहे. ताब्याची टक्केवारी म्हणजे पुरवण्यांची संख्या. चेंडू कोणाकडे होता एवढेच ती सांगते, मैदानाच्या कोणत्या भागात होता ते सांगत नाही.

मग हे पास गेले कुठे? प्रशिक्षक वलीद रेग्रागी यांनी चार बचावपटूंच्या पुढे अमराबातला ठेवले आणि त्याच्या पुढे चौघांची रांग. दोन रांगांमधले अंतर इतके कमी, की पेद्री किंवा गावीला तिथे चेंडू मिळाला तरी वळून गोलकडे तोंड करायला जागा नव्हती. स्पेनचे मधले दोन बचावपटू मात्र मोकळे सोडलेले. म्हणजे चेंडू त्यांच्याकडे येणार, तिथून बाजूच्या रेषेकडे जाणार आणि पुन्हा मागे. कडेला हकीमी, झियेश आणि उनाही एकदम घेरत. रेषा हा चौथा बचावपटू, कारण तिच्यापलीकडे पास देता येत नाही. यालाच लो ब्लॉक म्हणतात. त्यात पळण्यापेक्षा न पळण्याची शिस्त जास्त लागते. एक जण मोहाने चेंडूमागे गेला, की त्याची जागा उघडी पडते.

पण नुसत्या भिंतीने कोणी जिंकत नाही. कोंडी फुटेना की ताबेवाला संघ आपले फुल बॅक वर पाठवतो आणि त्यांच्या पाठीमागे रिकामे मैदान राहते. चेंडू हिसकावताच उनाही, बूफाल त्याच मैदानात धावत. जादा वेळेत शेदीरा असाच एकटा गोलरक्षकासमोर पोचला होता. फटका अडवला गेला आणि पुढे निकाल पेनल्टींवर ३-० असा लागला.

१० डिसेंबरला पोर्तुगालचेही तेच झाले. ४२व्या मिनिटाला अतियत-अल्लाहने डावीकडून चेंडू उंच टाकला, गोलरक्षकाचा अंदाज चुकला आणि एन-नेसिरीने डोके लावले. हा गोल शुद्ध काउंटर अ‍ॅटॅकचा नव्हता, पण त्यानंतर काउंटरची धास्ती कामाला आली. पोर्तुगालला आता गोल हवाच होता, म्हणून त्यांनी रोनाल्डो आणि कॅन्सेलोला उतरवले आणि माणसे पुढे लोटली. शेवटच्या क्षणांत मोरोक्कोचे दहाच खेळाडू उरले होते, तरीही अबूखलाल एकटा गोलरक्षकापर्यंत पोचला. त्याने संधी दवडली, पण १-० टिकले. या सामन्यात अगेर्द आणि मझरावी दुखापतीमुळे खेळलेच नाहीत, कर्णधार साइस स्ट्रेचरवरून बाहेर गेला. बदली आलेल्यांनी रांग मोडू दिली नाही. याला नशीब म्हणणे नाइन्साफी आहे.

आणि ज्यांना वाटते की ही युक्ती कायम चालते, त्यांनी १४ डिसेंबरची उपांत्य फेरी पाहावी. फ्रान्सच्या थिओ हर्नांडेझने पाचव्या मिनिटाला गोल केला. आता पुढे जाण्याची गरज मोरोक्कोला होती. त्या दिवशी चेंडू जास्त वेळ मोरोक्कोकडे राहिला आणि सामना २-० असा फ्रान्सने जिंकला. म्हणजे स्पेनचे दुखणे आठ दिवसांत आपल्या वाट्याला आले. लो ब्लॉक शून्य-शून्यवर किंवा आघाडीवर असतानाच श्वास घेतो. मागे पडलात, की तोच दुसऱ्याच्या हातात जातो.

त्या रात्री आपण दुआ कमी केल्या होत्या का? मुळीच नाही. मग विजयाचे सगळे श्रेय दुआंना देणाऱ्यांनी पराभवाचा हिशेब कसा मांडायचा? दुआ जरूर करा. पण अमराबात कुठे उभा होता तेही पाहा, नाहीतर त्याच्या मेहनतीची कदर शत्रूनेही केली नाही आणि आपणही नाही.