ओळख विसरला नसाल तर...

परवा रात्री जेवण उरकून जरा टेकलो होतो, तेवढ्यात मोबाईलवर एक निरोप आला. "हाय सर." बस्स, एवढंच. मी पाहिलं आणि फोन पालथा घातला. सकाळी पुढचा निरोप हजर. "सर तुमच्या कंपनीत काही ओपनिंग असेल तर रेफर करा ना प्लीज." खाली एक फाईल, तिचं नाव 'न्यू रेझ्युमे फायनल'. फोटोत एक पोरगा, मागे नळदुर्गच्या किल्ल्यातला पाणीमहाल. म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला, पण कोण ते काही केल्या आठवेना.

तीन दिवस मी उत्तर दिलं नाही. खरं सांगायचं तर कंटाळा. असे निरोप महिन्याला पाच-सात तरी येतात. पण चौथ्या दिवशी आपलंच जुनं आठवलं. साधारण सतरा वर्षांपूर्वी कळंबहून पुण्याला आलो तेव्हा मीही कॉलेजातल्या एका सिनियरला अशीच मेल टाकली होती, 'रिस्पेक्टेड सर' वगैरे. उत्तर आलं नाही. त्या माणसावर मी वर्षभर मनातल्या मनात रागावून होतो. आज वाटतं, त्या बिचाऱ्याने उत्तर द्यायचं तरी काय? मी काय मागतोय हेच त्यात नव्हतं.

कारण रेफर करणं म्हणजे साहेबाच्या कानात नाव सांगणं, असं गावाकडे बऱ्याच जणांना वाटतं. (आमच्या तात्यांना तर अजूनही वाटतं. तात्या, वाचत असाल तर राग मानू नका.) प्रत्यक्षात तो एक फॉर्म असतो. आमच्या कंपनीच्या आतल्या साइटवर आधी विशिष्ट जागा निवडावी लागते. प्रत्येक जागेला नंबर असतो. मग उमेदवाराचं नाव, मेल, मोबाईल आणि बायोडाटा. आणि शेवटी दोन रकाने, ज्यांच्यापाशी माझा हात दर वेळी थांबतो: या व्यक्तीला तुम्ही कसे ओळखता, आणि या जागेसाठी ती योग्य का वाटते? तिथे मी जे लिहीन ते माझ्या नावाने नोंदलं जातं. त्याने फार तर एवढंच होतं की शेकडो अर्जांच्या ढिगातून तो एक अर्ज कुणीतरी उघडून बघतं. मुलाखत ज्याची त्यालाच द्यावी लागते.

आता 'काही ओपनिंग असेल तर' हे वाक्य या फॉर्मसमोर ठेवून बघा. जागा कोणती, माहीत नाही. म्हणजे आमच्या साइटवरच्या जागा चाळायच्या मी, त्याचा बायोडाटा वाचून जुळवायचं मी, आणि तो योग्य का हेही ठरवायचं मीच. अर्ध्या तासाचं काम, तेही ज्याचा चेहरा आठवत नाही त्याच्यासाठी. माणूस कठोर असतो म्हणून गप्प बसतो असं नाही, काम मोठं दिसतं म्हणून पुढे ढकलतो, आणि ढकललेलं राहून जातं.

असो. मी त्याला लिहिलं, "तू कोण, आपली ओळख कुठली, आणि आमच्या साइटवरची नेमकी कोणती जागा तुला हवी?" तासाभरात जे उत्तर आलं ते वाचून मी चाट पडलो. येरमाळ्याच्या यात्रेत माझ्या मावसभावाने आमची गाठ घालून दिली होती, आम्ही दहा मिनिटं बोललो होतो, 'ओळख विसरला असाल तर हरकत नाही' असं त्याने लिहिलं होतं. मग जागेचा नंबर आणि लिंक. मग चार ओळी: टेस्टिंगमध्ये अडीच वर्षं, त्या जागेला हवं ते ऑटोमेशन गेले चौदा महिने करतोय, बँकेच्या एका प्रोजेक्टवर. मागितलेल्यातली एक गोष्ट येत नाही, तेही लिहिलेलं. नोटीस दोन महिन्यांची. आणि शेवटी, 'जमणार नसेल तर नुसतं नाही म्हणा, मी दुसरीकडे बघेन.'

अरे लेका, मग हे पहिल्याच दिवशी का नाही लिहिलंस? विचारलंच मी. तर म्हणाला, "एवढं लांबलचक लिहिलं तर आगाऊपणा वाटेल म्हणून आधी नुसतं हाय केलं." इथे मला वाटतं आपल्याकडच्या पोरांची खरी गोची आहे. मोठ्या माणसाशी थेट मुद्द्याचं बोलणं म्हणजे उद्धटपणा, हे आपल्या अंगात इतकं मुरलंय की आदब दाखवण्याच्या नादात आपण समोरच्यावर जास्त ओझं टाकतो.

दोन्ही रकान्यांचं उत्तर आता मला सापडलं होतं. 'एकदा भेट, नातेवाइकामार्फत. एकत्र काम केलेलं नाही' असं मी सरळ लिहिलं. तसं लिहायला लाज वाटायचं कारण नाही. दोन वर्षांपूर्वी घरच्यांच्या आग्रहाने एका नात्यातल्या मुलाबद्दल 'चांगला ओळखतो' असं लिहून बसलो होतो. पहिल्याच फेरीत कळलं की बायोडाट्यातलं निम्मं त्याला येत नव्हतं, आणि त्यानंतर वर्षभर मी पाठवलेल्या नावांकडे कुणी फारसं लक्ष दिलं नाही. वशिला आणि रेफरल यातला फरक मला त्या वर्षी समजला.

फॉर्म भरला, बटण दाबलं, आणि लाल अक्षरात उत्तर आलं: हा उमेदवार आधीच नोंदलेला आहे. पोराने पंधरा दिवसांपूर्वी स्वतःच साइटवरून अर्ज टाकला होता! आमच्याकडे (आणि बऱ्याच कंपन्यांत) एकदा नाव आलं की पुढचे काही महिने ते रेफरल म्हणून घेतलं जात नाही. त्याला वाटलं, आधी अर्ज केला तर आपण प्रामाणिक दिसू. क्रम उलटा हवा होता: आधी निरोप, चार-पाच दिवस वाट, एकदा आठवण, आणि मगच स्वतःचा अर्ज. जागा बंद व्हायला आली असेल तर मात्र थांबू नये.

गंमत म्हणजे असली लांबची ओळखच कामाची ठरते, हे जुनं संशोधन आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने 1973 साली एक लेख लिहिला. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्याने विचारलं, ज्याने सांगितलं तो माणूस तुम्हाला किती वेळा भेटायचा? नेहमी भेटणारे शंभरात सतरासुद्धा भरले नाहीत, बाकी सगळे अधूनमधून किंवा क्वचित भेटणारे. कारणही सोपं आहे. घरच्यांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतंच. नवी बातमी यात्रेत दहा मिनिटं भेटलेल्याकडे असते. तो नमुना लहान होता आणि गाव अमेरिकेतलं, पण माझा अनुभव याहून वेगळा नाही. मला पहिली नोकरी आत्याच्या घरमालकाच्या पुतण्याने सुचवली होती.

तर, फॉर्म गेला नाही म्हणून मी भरतीचं काम बघणाऱ्या बाईंना त्याच्या चार ओळी जशाच्या तशा पाठवल्या आणि खाली माझी एक: 'एकदाच भेटलोय, पण काय येत नाही ते याने आपणहून सांगितलं.' काल त्यांनी त्याला फोन केला. गुरुवारी पहिली फेरी आहे. पोराने मला कळवलं, एकाच निरोपात, 'हाय सर' न म्हणता :)